हंगेरियन दुकानाचा परतीचा फॉर्म: "मुदत संपली" म्हणतो आणि लेबलचा बारकोड कापला जातो

मृण्मयी_बुडा | १० डिसेंबर

नमस्कार. मी बुडापेस्टच्या अकराव्या जिल्ह्यात राहते. इथल्या एका ऑनलाइन दुकानातून थंडीचे बूट मागवले होते. १ डिसेंबरला ऑर्डर दिली, शुक्रवारी ५ तारखेला कुरियरवाला घरी देऊन गेला. पैसे त्याच्याच मशीनवर कार्डाने दिले. बूट बोटांकडे आखूड होतात, म्हणून परत करायचे आहेत.

दुकानाच्या साइटवर `Visszaküldés` नावाचा फॉर्म आहे, सगळा हंगेरियनमध्ये. ब्राउझरचं भाषांतर चालू करून भरला. शेवटच्या पानावर लाल अक्षरांत हे येतं:

```
A 14 napos elállási határidő lejárt.
```

म्हणजे चौदा दिवसांची मुदत संपली. पण मला बूट मिळून आठवडासुद्धा झालेला नाही! फोनवर हंगेरियनशिवाय दुसरी भाषा नाही. शिवाय फॉर्ममध्ये बँक खात्यासाठी तीन चौकोन आहेत, त्यांत काय घालायचं तेही कळलेलं नाही. आणि घरी प्रिंटर नाही, तर लेबल कुठून छापायचं? कुणी हे केलं असेल तर सांगा.

ऋत्विक_देब्रेत्सेन | १० डिसेंबर

ताई, मी इथे मेडिकलला आहे, आमच्या हॉस्टेलमध्ये सगळे सतत काही ना काही परत पाठवत असतात. आधी नाव बघा. `Vezetéknév` म्हणजे आडनाव आणि ते पहिलं येतं, `Keresztnév` म्हणजे आपलं नाव. भाषांतरात हे उलटं होतं आणि मग ऑर्डर सापडत नाही.

दुसरं म्हणजे वेगळ्या ब्राउझरमधून करून बघा. आणि कारणाच्या यादीत `Hibás termék` निवडा, म्हणजे माल सदोष आहे असं. मग परत पाठवायचा खर्च दुकानावर जातो आणि चौदा दिवसांची अटही लागत नाही.

दुनाकाठी | १० डिसेंबर

मृण्मयी, घाईने काही निवडू नका. मी इथल्या एका गोदामात परत आलेला माल उघडण्याच्या विभागात काम करते, त्यामुळे हे फॉर्म मला दुसऱ्या बाजूने दिसतात.

ऋत्विक, नावाचं अगदी बरोबर सांगितलंस. `Hibás` बद्दल मात्र ऐकू नये असं मला वाटतं. ते निवडलं की पार्सल परताव्याच्या रांगेत न जाता तक्रारीच्या रांगेत जातं. तिथे कुणीतरी बूट तपासतं, दोष शोधतं, लेखी नोंद करतं. दोष सापडला नाही की ग्राहकाला पत्र जातं आणि तेवढा काळ पैसे अडकतात. चांगल्या मालाला सदोष म्हणणं खोटंही आहे. माप बसलं नाही यासाठी सरळ `Elállás` हा रस्ता आहे, म्हणजे करारातून माघार. त्याला कारण द्यावंच लागत नाही.

आता मुदतीचं. शेवटच्या पानावर तुम्ही भरलेली माहिती एकत्र दिसते ना? तिथे `Rendelés dátuma`, म्हणजे ऑर्डरची तारीख, आणि `Átvétel dátuma`, म्हणजे माल मिळाल्याची तारीख, यांच्यापुढे काय आहे ते जसंच्या तसं इथे द्या. नाव-पत्ता काढून टाका.

मृण्मयी_बुडा | १० डिसेंबर

हे घ्या:

```
Rendelés dátuma: 2025. 01. 12.
Átvétel dátuma: 2025. 05. 12.
Visszaküldés oka: Méret nem megfelelő
```

दुनाकाठी | १० डिसेंबर

सापडलं. फॉर्मच्या समजुतीप्रमाणे तुम्ही बूट १२ मे रोजी घेतलेत.

हंगेरीत तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने लिहितात. ५ डिसेंबर हा `2025. 12. 05.` असा दिसायला हवा. तुम्ही आपल्या सवयीने 05/12/2025 टाकलं असणार. तुमचा ब्राउझर अमेरिकन इंग्रजीवर असेल तर तारखेचा चौकोन `mm/dd/yyyy` दाखवतो, पाच हा महिना धरतो आणि चूक न दाखवता पुढे जाऊ देतो. ऋत्विकने सांगितलेला दुसरा ब्राउझर म्हणूनच कधीकधी "चालतो", कारण त्याची भाषा वेगळी असते. १३ किंवा त्यापुढची तारीख असती तर ती महिना म्हणून बसलीच नसती आणि चूक बहुधा लक्षात आली असती. १ ते १२ मध्येच हे चुपचाप घडतं.

ब्राउझर हंगेरियन असेल तर चौकोनात `éééé. hh. nn.` असं दिसतं. त्यातल्या `hh` ला तास समजू नका, तो महिना आहे, आणि `nn` हा दिवस. टाइप करण्यापेक्षा कॅलेंडर उघडून त्यातून तारीख निवडा. डिसेंबर हंगेरियनमध्येही `december` च असतो, ओळखता येतो.

मुदत मिळाल्याच्या दिवसापासून चौदा कॅलेंडर दिवस, म्हणजे तुमच्यासाठी १९ डिसेंबर. हा नियम सरकारी आदेशात आहे, `45/2014. (II. 26.) Korm. rendelet`, आणि युरोपीय संघात साधारण तोच आहे. १९ तारखेच्या आत तुमचं माघारीचं निवेदन, म्हणजे हा फॉर्म, रवाना व्हायला हवा. बूट त्याच दिवशी पोचायला हवेत असं नाही. निवेदन पाठवल्यापासून माल धाडायला आणखी चौदा दिवस असतात.

फॉर्म पुन्हा भरताना भाषांतर बंद ठेवा. भाषांतर चालू असताना काही यादीचौकोनांमध्ये दिसतं एक आणि निवडलं जातं दुसरं. शब्द अडला तर तेवढाच वेगळ्या खिडकीत बघा. `Tovább` म्हणजे पुढे, `Vissza` म्हणजे मागे, `Mégse` म्हणजे रद्द, आणि तारांकित जागा भराव्याच लागतात. तळाला ज्या खुणा करायच्या असतात त्यांत `ÁSZF` म्हणजे दुकानाच्या अटी, ती लागते. `hírlevél` असं असेल तर ते जाहिरातीचं पत्र, ती खूण करण्याची गरज नाही.

फोनचं एक. बऱ्याच फॉर्ममध्ये `+36` आधीच छापलेलं असतं. त्यापुढे `20`, `30` किंवा `70` ने सुरू होणारे नऊ आकडेच घाला. पुन्हा `06` घातलंत तर नंबर चुकीचा ठरतो, आणि कुरियरचा एसएमएस दुसरीकडे जातो किंवा येतच नाही. भारतातला नंबर बहुतेक फॉर्म घेत नाहीत.

खात्याचं उद्या सकाळी लिहिते, आता रात्रपाळी आहे.

सुलभा_नाशिक | ११ डिसेंबर

माझा मुलगा सेगेदला शिकतो. मी त्याला इथून पोस्टाने चकल्या आणि स्वेटर पाठवला होता, तो पत्त्यावर नसल्याने पार्सल परत नाशिकला येणार असं कळलं. हा फॉर्म त्याने भरायचा का मी?

ऋत्विक_देब्रेत्सेन | ११ डिसेंबर

काकू, हे वेगळं आहे. इथे दुकानातून घेतलेला माल दुकानाला परत करण्याचं चाललंय. तुमच्या पार्सलसाठी मुलाला ट्रॅकिंग नंबर द्या आणि त्याच्या भागातल्या पोस्टात जाऊन विचारायला सांगा. पार्सल अजून तिथेच ठेवलेलं असेल तर ओळखपत्र दाखवून घेता येतं. वेगळा धागा काढा, सेगेदची मुलं उत्तर देतील.

दुनाकाठी | ११ डिसेंबर

आता बँक खातं. मृण्मयी, तुम्ही पैसे कुरियरला दिलेत, म्हणजे दुकानाच्या दृष्टीने ती `utánvét`, वस्तू हातात आल्यावर पैसे. कुरियरच्या मशीनवर कार्ड चालवलंत तरी दुकानाकडे तुमचं कार्ड नाही. म्हणून ते पैसे परत करायला खातं मागतात. साइटवरच कार्डाने पैसे भरले असते तर बहुधा हा चौकोन आलाच नसता.

हंगेरियन खाते क्रमांक आठ-आठ आकड्यांच्या गटांत असतो. कुणाचा दोन गटांचा, म्हणजे सोळा आकडे, कुणाचा तीन गटांचा, म्हणजे चोवीस. तीन चौकोन त्यासाठीच. बँकेच्या अ‍ॅपमध्ये तुम्हाला फक्त `HU` ने सुरू होणारा IBAN दिसत असेल तर तोच कापून घ्या. IBAN च्या माहितीपत्रकांत नमुना म्हणून छापतात तो क्रमांक घेऊ, कुणाचं खरं खातं नाही:

```
HU42 1177 3016 1111 1018 0000 0000
11773016-11111018-00000000
```

वरच्या ओळीतले `HU` आणि त्याच्या पुढचे दोन आकडे सोडून द्यायचे. उरले चोवीस, त्यांचे तीन गट करायचे. शेवटचा गट आठ शून्यांचा असेल तर ते मुळात सोळा आकडी खातं आहे. तिसरा चौकोन कोरा चालत नसेल तर शून्यंच घाला, खातं बदलत नाही.

फॉर्म `hibás bankszámlaszám`, म्हणजे खाते क्रमांक चुकीचा, असं म्हणाला तर टाइप करताना आकडा चुकलाय. पहिल्या गटाचा शेवटचा आकडा आणि पुढच्या खात्याच्या भागाचा शेवटचा आकडा त्यांच्या आधीच्यांवरून ठरलेले असतात, त्यामुळे एक आकडा चुकला तरी बहुधा तिथेच पकडला जातो. आणि जवळच `Számla sorszáma` अशी जागा असेल तर तिथे खातं घालू नका, ते बिलाच्या क्रमांकासाठी आहे.

`Számlatulajdonos neve` मध्ये खातेधारकाचं नाव बँकेत आहे तसं. `Név` मध्ये मात्र ऑर्डर देताना जसं लिहिलं होतं तसंच ठेवा, क्रम उलटा असला तरी. आमच्याकडे शोध त्याच नावाने होतो.

नीलेश_पे | ११ डिसेंबर

माझं खातं `LT` ने सुरू होतं, हंगेरियन खातंच नाही. तीन चौकोनांत ते बसत नाही. मग?

दुनाकाठी | ११ डिसेंबर

`Megjegyzés`, म्हणजे शेरा लिहायची जागा असते, त्यात पूर्ण IBAN आणि बँकेचा BIC लिहा, आणि ईमेलनेही कळवा. आमच्या हिशेब विभागात काहींचे पैसे असे गेले आहेत. प्रत्येक दुकान करतंच असं नाही.

मृण्मयी_बुडा | १२ डिसेंबर

दुनाकाठी, फॉर्म गेला! तारीख कॅलेंडरमधून निवडली आणि लाल ओळ नाहीशी झाली. मनापासून आभार. ईमेलमध्ये `Címke letöltése` असं बटण आलं, त्यातून लेबलची पीडीएफ मिळाली. पत्र म्हणतं की लेबलचा खर्च परताव्यातून कापतील, तो मला मान्य आहे.

फोनवर पीडीएफचा स्क्रीनशॉट काढून जवळच्या `fénymásolás` पाटीच्या, म्हणजे झेरॉक्सच्या, दुकानाला पाठवला. छापून आलं ते असं: लेबल कागदाच्या उजव्या कडेला टेकलंय, बारकोडच्या शेवटच्या रेघा गेल्यात, आणि पत्त्यातल्या `ő` च्या जागी चौकोन दिसतोय. हे चालेल का?

ओंकार_छपाई | १२ डिसेंबर

मृण्मयीताई, हे चालणार नाही. मी कोल्हापुरात छपाईचं काम करतो, बारकोडची लेबलं रोजची आहेत. हंगेरीतली दुकानं मला माहीत नाहीत, पण बारकोड सगळीकडे सारखाच वाचला जातो.

पहिली गोष्ट, स्क्रीनशॉट नको. पीडीएफमध्ये रेघा हिशेबाने आखलेल्या असतात, स्क्रीनशॉटमध्ये त्यांचे ठिपके होतात. वर तो व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्र म्हणून पाठवला की आणखी पातळ होतो. कडा करड्या होतात आणि शेजारच्या दोन बारीक रेघा एकमेकींना चिकटतात. मूळ पीडीएफ ईमेलने पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसरी, बारकोडच्या दोन्ही टोकांना कोरी जागा असावीच लागते. वाचणाऱ्या यंत्राला कोड कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे त्या पांढऱ्यावरूनच समजतं. पार्सलांवर साधारणपणे असतो त्या प्रकारच्या कोडला सर्वांत बारीक रेघेच्या दहापट जागा दोन्हीकडे लागते, म्हणजे काही मिलिमीटर. तुमची एक बाजू पूर्ण गेली आहे. तिथे पाच-सहा रेघा तुटल्या तर खाली आकडे कितीही स्वच्छ असोत, यंत्र वाचणार नाही.

तिसरी, मापाची. पीडीएफच्या पानाचा आकार आधी बघा. लेबल बहुधा ए-६ असतं, १०५ × १४८ मिलिमीटर, किंवा ए-४ कागदाच्या एका कोपऱ्यात तेवढं बसवलेलं असतं. क्रोममधून छापताना `More settings` उघडा, `Paper size` मध्ये `A4`, आणि `Scale` मध्ये `Custom` करून `100`. अ‍ॅडोबीच्या रीडरमध्ये `Actual size`. `Fit to paper` ठेवलं तर ए-६ चं लेबल ए-४ भर पसरतं. मोठा बारकोड वाचता येतो, पण मग तो खोक्याच्या कडेवरून दुमडतो, त्याचाच त्रास. छापल्यावर पट्टीने लेबल मोजा, १०५ आणि १४८ आले की काम झालं.

`ő` चा चौकोन होणं ही फॉन्टची गोष्ट आहे. अ‍ॅडोबीत `Advanced` मध्ये `Print as image` आहे, त्याने अक्षरं येतात. पण त्यानंतर बारकोड नीट बघा, कमी दर्जाच्या छपाईत तो जाड होतो.

ऋत्विक_देब्रेत्सेन | १२ डिसेंबर

दुकानदाराला हे असं म्हणा, मी नेहमी म्हणतो: `fekete-fehér, egyoldalas, száz százalékos méretben`. काळं-पांढरं, एका बाजूने, शंभर टक्के मापात. शेवटचा भाग म्हणायचा राहिला की ते पानाला बसवूनच छापतात.

दुनाकाठी | १२ डिसेंबर

`ő` चं मनावर घेऊ नका. तुमच्या परतीच्या लेबलवर `Feladó` म्हणजे पाठवणाऱ्या तुम्ही आणि `Címzett` म्हणजे ज्याला जायचं ते दुकान. अक्षर बिघडलं तरी यंत्र बारकोडवरून पार्सल फिरवतं. फक्त दुकानाच्या पत्त्यातला चार आकडी पिनकोड स्वच्छ हवा, कारण यंत्राने नाकारलेलं पार्सल माणूस तोच वाचून बाजूला टाकतो. लिहिताना `1117 Budapest, Minta utca 12., 3. em. 14.` असा क्रम असतो: पिनकोड, शहर, रस्ता, घर, मजला, दार. बुडापेस्टच्या पिनकोडमध्ये मधले दोन आकडे जिल्ह्याचे, म्हणून तुमच्या अकराव्या जिल्ह्याचा `11` तिथे दिसतो. दोन्ही पत्त्यांची अदलाबदल झाली नाही ना, हे त्यावरून एका नजरेत कळतं.

आणि बूट ज्या खोक्यातून आले त्यातच पाठवणार असाल तर जुनं लेबल खरवडून काढा. निघत नसेल तर त्याचा बारकोड जाड काळ्या पेनाने पूर्ण भरा, किंवा त्यावर कोरा कागद चिकटवा. आमच्याकडे उलगडा न होणाऱ्या पार्सलांत हे सर्वांत जास्त दिसतं. पट्ट्यावरचं यंत्र खोक्याच्या दोन-तीन बाजू वाचतं, जुना कोड आधी सापडला की पार्सल परत ग्राहकाच्या पत्त्याकडे वळतं. बुटांचा स्वतःचा डबा हाही मालच आहे, त्यावर थेट लेबल चिकटवू नका. बाहेरून दुसरं खोकं किंवा कागद हवा.

लेबलवर पारदर्शक टेप पूर्ण लावा. आत्ता बाहेर पाऊस-बर्फ आहे, इंकजेटची शाई ओघळते.

ओंकार_छपाई | १२ डिसेंबर

टेपबद्दल माझं मत वेगळं आहे. चमकदार टेपवरून प्रकाश परावर्तित होतो आणि आमच्या हाती असलेले साधे स्कॅनर अडतात, टेपला सुरकुती असेल तर हमखास. मी बारकोडच्या चौकटीभोवती टेप लावतो, कोडवर नाही. लेझर प्रिंट घेतली तर पाण्याची काळजी बरीच कमी होते.

दुनाकाठी | १२ डिसेंबर

लेझर असेल तर मान्य. इंकजेटला मी अजूनही सुरकुती न पाडता टेप लावीन. ओल्याने पुसलेला कोड आमच्याकडे कुणालाच वाचता येत नाही, चमकणारा कोड हातातलं यंत्र तिरपं धरून निदान वाचतो. मृण्मयी, तुमच्या कुरियरच्या सूचनापत्रात एखादं वाक्य असेल तर तेच खरं धरा.

मृण्मयी_बुडा | १३ डिसेंबर

पीडीएफ ईमेलने पाठवली आणि ऋत्विकचं वाक्य म्हटलं. लेझरवर काळं-पांढरं निघालं, पट्टीने १०५ × १४८. फोनच्या स्कॅनर अ‍ॅपने कोड वाचला आणि खाली छापलेल्या आकड्याशी तो जुळला. जुनं लेबल निघालं नाही म्हणून त्यावर कागद चिकटवला. टेप कडांनाच लावली.

एक शंका. मी हे पार्सल कुरियरला घरून उचलायला सांगू, की कोपऱ्यावरच्या `csomagautomata` मध्ये, म्हणजे पार्सलच्या लॉकरमध्ये, टाकू?

दुनाकाठी | १३ डिसेंबर

लेबल ज्या कुरियरचं, लॉकरही त्याच्याच जाळ्यातला हवा. दुसऱ्याच्या लॉकरमध्ये टाकलेलं पार्सल आमच्यापर्यंत पोचत नाही. खोकं मोठ्या कप्प्यात बसेल का ते घरीच मोजा, बुटांचं दुसरं खोकं कधीकधी उंच होतं. टाकल्यावर येणारी पोच, कागदाची असो वा एसएमएस, जपून ठेवा. माल पोचेपर्यंत किंवा तुम्ही पाठवल्याचा पुरावा दाखवेपर्यंत दुकानाला पैसे थांबवता येतात, यांपैकी जे आधी घडेल ते. ती पोच हाच तो पुरावा. आणि दुकानाच्या लेबलऐवजी कुणी स्वतः पाठवत असेल तर `utánvét` करून पाठवू नये, तसं पार्सल बहुतेक दुकानं दारातूनच परत करतात.

मृण्मयी_बुडा | १५ डिसेंबर

लॉकरमध्ये टाकलं, ट्रॅकिंगवर `Feladva`, म्हणजे पाठवलं, असं दिसतंय. पोचेचा फोटो दुकानाला ईमेल केला. पैसे आले की लिहीन.

नीलेश_पे | १५ डिसेंबर

मी शेऱ्यात `LT` चा पूर्ण IBAN लिहिला होता. दुकानाकडून उत्तर आलंय की फोरिंटमध्ये हंगेरियन खात्यावरच पाठवतात, नाहीतर पोस्टाने रोख रक्कम. रोख रकमेसाठी पोस्टात नेमकं काय दाखवावं लागतं, इथे राहण्याचं कार्ड पुरतं की पासपोर्टही लागतो? कुणी घेतली असेल तर सांगा.